वारसाचा दाखला वाचताना

घरातलं माणूस गेलं की महिन्याभरात कागदांची मागणी सुरू होते. बँक म्हणते, वारसाचा दाखला आणा. मृत व्यक्ती ज्या कार्यालयात नोकरीला होती ते कार्यालयही तेच म्हणतं, हाउसिंग सोसायटी तेच म्हणते आणि गावचा तलाठीही. घरच्यांना वाटतं, एक दाखला काढला की सगळीकडे चालेल. पण या चौघांनी एकच शब्द वापरला, तरी त्यांना हवे असलेले कागद वेगवेगळे असतात. ते वेगवेगळ्या कायद्यांतून येतात आणि त्यांनी करता येणारी कामंही वेगळी. दाखला हाती आल्यावर बहुतेक जण आपलं नाव शोधतात, ते दिसलं की निश्चिंत होतात आणि घडी घालून फाइलमध्ये ठेवतात. नावापलीकडचा मजकूर वाचला जात नाही, आणि नंतरची भांडणं बहुधा त्या न वाचलेल्या मजकुरातूनच उभी राहतात.

हे कागद कसे वाचायचे ते एका घराच्या उदाहरणाने पाहू. घर कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट महाराष्ट्रात नेहमी घडते.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे एक गृहस्थ. सरकारी नोकरीत होते, राहायला सातारा शहरात. १० मार्च २०२३ रोजी ते वारले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मागे पत्नी, मुलगा आणि लग्न झालेली मुलगी. गावाकडे त्यांची म्हातारी आई धाकट्या भावाकडे राहत होती. वडील आधीच गेलेले, आईला दुसरं अपत्य नाही. त्यांची स्वतःच्या पगारातून घेतलेली तीन एकर जमीन होती, एका बँकेत नॉमिनी न नेमलेली मुदत ठेव होती, दुसऱ्या बँकेत मुलाला नॉमिनी केलेलं खातं होतं आणि काही शेअर होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आईही वारली. तिचंही मृत्युपत्र नव्हतं.

पहिला कागद आला तो तहसील कार्यालयातून. अर्ज, प्रतिज्ञापत्र, स्थानिक चौकशीत शेजारपाजारच्यांचे जबाब आणि मग दाखला. त्यावर तीन नावं होती, पत्नी, मुलगा आणि मुलगी. खाली एक ओळ होती की हा दाखला निवृत्तिवेतनाच्या व सेवाविषयक लाभांच्या कामासाठी देण्यात येत आहे. ही ओळ बारीक अक्षरात आणि अगदी शेवटी असते, पण दाखला वाचायला तिथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. कागद कुठे चालणार आणि कुठे नाही, हे ती ओळ सांगते. या दाखल्यावर कार्यालय आपली देणी कुणाला द्यायची ते ठरवतं. त्याने जमीन कुणाच्या नावावर होत नाही आणि हक्काचा वाद मिटत नाही. कारण तो देणारा अधिकारी फक्त चौकशी करतो. दोन्ही बाजूंचे पुरावे तपासून हक्क ठरवण्याचं काम दिवाणी न्यायालयाचं आहे.

कुटुंब निवृत्तिवेतनाची गोष्ट तर आणखी वेगळी. ते कुणाला मिळणार हे सेवेचे नियम ठरवतात, वारसा कायदा नाही. ही रक्कम मृताच्या मालमत्तेचा भाग नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितलेलं आहे. त्यामुळे दाखल्यावर तीन नावं असली, तरी निवृत्तिवेतनाचे तीन वाटे पडत नाहीत. नियमात पत्नी पहिली असेल, तर ते पत्नीलाच मिळतं.

आता दाखल्यातलं न दिसणारं नाव. या तीन नावांत आई नाही. ती गावाकडे धाकट्याकडे राहत होती, रेशनकार्डावर तिचं नाव नव्हतं आणि अर्ज भरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे 'कुटुंब' म्हणून सातारच्या घरातली माणसंच होती. ही चूक फार घरांत होते. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याचे पहिल्या वर्गातले वारस एकाच वेळी, बरोबरीने वारस होतात. पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सगळे त्या पहिल्या वर्गात आहेत. वडील त्यात नाहीत. ते दुसऱ्या वर्गात येतात. मुलाच्या पश्चात आई हयात असेल, तर ती सुनेच्या आणि नातवंडांच्या बरोबरीची वारस असते, मग ती कुणाकडेही राहत असो. आधीच वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलंही त्या वर्गात येतात. म्हणून दाखल्यावरची नावं वाचताना दुसऱ्या कागदावर वंशावळ काढावी आणि मृत्यूच्या दिवशी कोण कोण हयात होतं ते प्रत्येकासमोर लिहावं. दाखला दिला त्या दिवसाची स्थिती इथे कामाची नाही. वारसा उघडतो तो मृत्यूच्या क्षणी. दाखल्यावर मृत्यूची तारीख असतेच. ती मृत्यूच्या प्रमाणपत्राशी जुळते का, हे नावांच्याही आधी पाहावं.

आपल्या उदाहरणात १० मार्चला चार वारस हयात होते. जुन्या हिशेबाने रुपयाचे सोळा आणे धरले, तर पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई यांना प्रत्येकी चार आणे. गावाकडे जमिनीचे हिस्से आणेवारीत लिहीत, आणि या कामाला तो हिशेब आजही सोपा जातो.

मग नोव्हेंबरमध्ये आई गेली. इथे बहुतेकांची समजूत अशी होते की आई गेली, म्हणजे तिचे चार आणे उरलेल्या तिघांत वाटले गेले. तसं होत नाही. ते चार आणे मार्चमध्येच आईचे झाले होते. आता ते तिच्या वारसांकडे जातात, आणि बाईच्या मालमत्तेचे वारस ठरवणारं कलम वेगळं आहे. तिची मुलं वारस, आणि आधी वारलेल्या मुलाच्या जागी त्याची मुलं. म्हणजे आईच्या चार आण्यांपैकी दोन आणे धाकट्या मुलाला गेले आणि थोरल्याच्या वाट्याचे दोन आणे त्याच्या मुलाला व मुलीला एकेक आणा असे गेले. सुनेला सासूच्या हिश्श्यातून काही आलं नाही. शेवटी पत्नी चार आणे, मुलगा पाच, मुलगी पाच आणि काका दोन. बेरीज सोळा. जमीन वडिलोपार्जित असती, तर हिशेब आणखी एका पायरीने बदलला असता, कारण त्यात मुलगा आणि मुलगी यांचा जन्मापासूनचा हिस्सा आधी वेगळा काढावा लागला असता. इथे जमीन स्वकष्टार्जित आहे.

तहसीलच्या दाखल्यावर काकांचं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. १० मार्चला ते वारस नव्हतेच. पण आईचं नाव हवं होतं. ते नसल्यामुळे काकांचे दोन आणे कुठल्याच कागदावर दिसत नव्हते. वारसांपैकी कुणी नंतर वारलं, तर पहिल्या दाखल्याला दुसऱ्या मृत्यूचा दाखला जोडूनच वाचावं लागतं. एकट्या कागदावरून चित्र पुरं होत नाही.

दुसरा कागद गावचा. जमीन असलेला माणूस गेला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावं, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ सांगते. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तलाठी हाच शब्द चालतो. वारसांची नावं गाव नमुना सहा-क या वारस नोंदवहीत लिहिली जातात आणि मग नमुना सहामध्ये फेरफार पडतो. संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि हरकत नसेल, तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. त्यानंतर सातबाऱ्यावर नावं चढतात. हरकत आली, तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत, म्हणजे सहा-अमध्ये जातं.

सातबारा हातात आल्यावर आपलं नाव त्यावर आहे की नाही, एवढंच लोक पाहतात. नाव कुठल्या रकान्यात आहे, हा खरा प्रश्न आहे. एक रकाना भोगवटादाराचा, म्हणजे ज्यांना गावात कब्जेदार म्हणतात त्यांचा. दुसरा 'इतर अधिकार' नावाचा. विहिरीतला पाण्याचा वाटा, बँकेचा बोजा, कुळाचा हक्क अशा नोंदी तिथे असतात. आपल्या उदाहरणात मुलाचं नाव भोगवटादार म्हणून लागलं आणि पत्नी व मुलगी 'इतर अधिकार'मध्ये वारस म्हणून गेल्या. जुने फेरफार काढून पाहिले, तर असं वारंवार आढळतं. बायकांची नावं त्या दुसऱ्या रकान्यात सरकवायची रीतच होती आणि अजूनही काही ठिकाणी ती चालू आहे. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. मुलगी आणि पत्नी या मुलाइतक्याच वारस असताना त्यांची नावं बोज्याच्या शेजारी का बसावीत? याचा परिणाम व्यवहारात दिसतो. पीककर्ज, भूसंपादनाची नोटीस, नुकसानभरपाई हे सगळं आधी भोगवटादाराकडे जातं. खरेदी घेणाराही पहिल्या रकान्यातलं एकच नाव पाहून पुढे जातो आणि मग वर्षानुवर्षं दावा चालतो.

म्हणून नुसता सातबारा पुरत नाही. त्यावर कंसात किंवा गोलात फेरफाराचा क्रमांक असतो. त्या क्रमांकाचा फेरफार काढून पुरता वाचावा. अर्ज कुणी दिला, वारस म्हणून कुणाकुणाला दाखवलं, नोटिसा कुणाला बजावल्या, कुणाची सही आहे, 'हक्क सोडला' असं काही लिहिलं आहे का, हे त्यात असतं. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. तलाठ्यासमोर बहिणीने 'मला हिस्सा नको' असा जबाब दिला आणि त्यावरून तिचं नाव वगळलं, असं जुन्या फेरफारांत दिसतं. जमिनीतला आलेला हक्क असा तोंडी किंवा साध्या जबाबाने सुटत नाही; त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. आणि मुळात फेरफार हा महसूल वसुलीसाठीचा अभिलेख आहे. त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण तिने मालकी जन्माला येत नाही आणि नाव गळाल्याने हक्कही जात नाही.

तिसरा कागद सर्वांत जास्त गैरसमज निर्माण करणारा. तो म्हणजे न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र, ज्याला सगळे सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात. नॉमिनी नसलेल्या मुदत ठेवीसाठी आणि शेअरसाठी बँकेने व कंपनीने ते मागितलं. हे प्रमाणपत्र भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या दहाव्या भागाखाली मिळतं. मृत व्यक्ती मृत्यूच्या वेळी जिथे राहत होती, त्या हद्दीतल्या न्यायालयात अर्ज करावा लागतो. अर्जात मृत्यूची वेळ, राहण्याचं ठिकाण, सगळे जवळचे नातलग व त्यांचे पत्ते, अर्जदाराचा हक्क कशावरून आणि कुठल्या रकमांसाठी प्रमाणपत्र हवं, हे सगळं लिहावं लागतं. इथे वकिलांनी आईचा मृत्यू नोंदवला आणि काकांनाही पक्षकार केलं. काकांनी शपथपत्र दिलं की प्रमाणपत्र वहिनींच्या नावे देण्यास माझी हरकत नाही. मुलगा आणि मुलगी यांनीही तसंच लिहून दिलं. प्रमाणपत्र पत्नीच्या एकटीच्या नावे झालं.

या प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या आठव्या अनुसूचीत ठरवून दिलेला आहे, त्यामुळे ते वाचायची पद्धतही ठरवता येते. सुरुवातीला कुणाला दिलं ते नाव. मग एक तक्ता, ज्याचे दोन भाग असतात. पहिला भाग ऋणांचा. त्यात ऋणकोचं नाव या रकान्यात बँकेचं नाव असतं. हे पाहून घरचे दचकतात, मृताने बँकेचं कर्ज घेतलं होतं की काय असं त्यांना वाटतं. अर्थ बरोबर उलटा आहे. ठेव म्हणजे बँक ठेवीदाराला देणं लागते ती रक्कम. म्हणून कायद्याच्या भाषेत बँक ऋणको आहे आणि मृत व्यक्ती धनको. त्यापुढे अर्जाच्या तारखेपर्यंतच्या व्याजासह रक्कम असते. आपल्या उदाहरणात ती सोळा लाख रुपये आहे. दुसरा भाग रोख्यांचा, म्हणजे शेअर, डिबेंचर, सरकारी कर्जरोखे यांचा. तिथे ओळख क्रमांक, कंपनीचं नाव, दर्शनी मूल्य आणि अर्जाच्या तारखेचा बाजारभाव असतो.

हा तक्ता म्हणजे प्रमाणपत्राची हद्द. त्यात जे लिहिलेलं नाही, त्याला ते लागू नाही. ठेवीचा खाते क्रमांक एका अंकाने चुकला किंवा कंपनीचं नाव विलीनीकरणानंतर बदललं आणि तक्त्यात जुनंच राहिलं, तर काउंटरवरचा माणूस कागद परत करतो. त्याला दोष देता येत नाही, कारण त्याला तक्त्याबाहेर पैसे देण्याचा अधिकार नाही. प्रमाणपत्र मिळाल्यावर आणखी एखादी ठेव सापडली, तर नवा अर्ज सुरुवातीपासून करावा लागत नाही. ज्याच्या नावे प्रमाणपत्र आहे, त्याने अर्ज केल्यास न्यायालय त्याचा विस्तार करून ती रक्कम जोडू शकतं. आणि या तक्त्यात जमीन, घर, फ्लॅट कधीच येत नाही. हे प्रमाणपत्र येणी आणि रोखे यांपुरतंच असतं. ते घेऊन दुय्यम निबंधकाकडे किंवा तलाठ्याकडे जाणारी माणसं निराश होऊन परततात ती यामुळे.

तक्त्याखाली अधिकाराचं वाक्य येतं. त्यात न्यायाधीश लिहितात की ही ऋणं वसूल करण्याचा अधिकार तुम्हाला दिला आहे. रोख्यांच्या बाबतीत हे वाक्य नीट वाचावं. नुसतं व्याज किंवा लाभांश घेण्याचा अधिकार असू शकतो, नुसता रोखे हस्तांतरित करण्याचा असू शकतो किंवा दोन्ही. लाभांश घेण्यापुरता अधिकार असेल, तर त्या कागदावर शेअर विकता येणार नाहीत. आपल्या उदाहरणात दोन्ही अधिकार होते. तरीही वाक्य कुठेच म्हणत नाही की ही रक्कम तुमची आहे. ते फक्त वसूल करा, घ्या, हस्तांतरित करा असं म्हणतं.

पत्नीने मात्र ते 'सोळा लाख माझ्या नावावर झाले' असं वाचलं. धाकट्या दिराने ते 'सगळं वहिनीला गेलं' असं वाचलं आणि मनात धरून बसले. दोघांचंही वाचन चुकलं. कायद्याने हे प्रमाणपत्र ज्याच्यासाठी सर्वांत पक्कं केलं आहे, तो बँकवाला आहे. प्रमाणपत्र पाहून सद्भावनेने पैसे दिले की बँक जबाबदारीतून मुक्त होते. नंतर दुसरा वारस येऊन बँकेकडे पुन्हा मागू शकत नाही. म्हणूनच बँक ते मागते. वारसांच्या आपापसातल्या हक्काचा निकाल त्याने लागत नाही, असं त्याच कायद्याच्या ३८७ व्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे. प्रमाणपत्राच्या चौकशीत न्यायालय थोडक्यात पाहतं. प्रश्न फार गुंतागुंतीचे असतील, तर वरवर पाहता ज्याचा हक्क सर्वांत चांगला दिसतो, त्याला ते देऊ शकतं. आणि इतरांच्या हिश्श्याची काळजी म्हणून घेणाऱ्याकडून जामीनरोखाही मागू शकतं. ज्याला पैसा स्वतःचाच मिळतो आहे, त्याच्याकडून जामीन कशाला मागितला असता? त्या तरतुदीतच सगळा अर्थ आहे. पत्नीने सोळा लाख उचलायचे आणि त्यातले पाच-पाच लाख मुलांना, दोन लाख दिराला द्यायचे, उरलेले चार लाख तिचे. अर्जानंतर व्याज वाढलं असेल, तर तेही याच प्रमाणात.

आता काकांच्या ना-हरकत शपथपत्राकडे वळू, कारण घरोघरची भांडणं या कागदावरून होतात. 'प्रमाणपत्र वहिनींच्या नावे देण्यास हरकत नाही' हे वाक्य एवढंच सांगतं की वसुलीचं काम त्यांनी करावं. 'माझा या रकमेतला हक्क मी सोडत आहे' हे वाक्य वेगळं. पहिल्यावर सही केली, तर दोन आणे शाबूत राहतात. दुसऱ्यावर सही केली, तर नंतर ते मागताना अडचण येईल, कारण पैशातला हक्क सोडायला जमिनीसारखी नोंदणी लागत नाही. छापील मसुद्यात ही दोन्ही वाक्यं कधीकधी एकाखाली एक दिलेली असतात आणि घाईत दोन्हींवर सही होते. शपथपत्र करणाऱ्याने आपल्याला कुठलं वाक्य म्हणायचं आहे ते ठरवून दुसरं खोडून घ्यावं. काकांना पैसा नको असेल, तर तो त्यांचा मोठेपणा; पण तो त्यांनी जाणून दाखवलेला असावा, मसुद्यातल्या ओळीने त्यांच्याकडून काढून घेतलेला नसावा.

नॉमिनी असलेल्या खात्याची गोष्टही याच दिशेने जाते. त्या बँकेने प्रमाणपत्र न मागता मुलाला पैसे दिले, आणि ते बरोबरच. नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कुणाच्या हाती द्यावेत याची आधीच केलेली सोय. त्याने तो पैसा वारसांसाठी स्वीकारलेला असतो. बँक ठेवींबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे २०१० साली सांगितलं आणि शेअरबाबत डिसेंबर २०२३ मध्ये, शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीने थोडा फरक केला आहे. तिथे आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील, तर ते लाभार्थी नॉमिनी म्हणून धरले जातात. म्हणून विम्याचा कागद बँकेच्या कागदासारखा वाचू नये.

प्रत्येक ठेवीसाठी न्यायालयात जावं लागतंच असंही नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली दिलेल्या निर्देशांनुसार नॉमिनी नसला आणि वाद नसला, तर व्यापारी बँकांत पंधरा लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांत पाच लाखांपर्यंतच्या रकमा सोप्या पद्धतीने द्यायच्या आहेत. दाव्याचा अर्ज, हमीपत्र, इतर वारसांचं ना-हरकत पत्र, आणि वारस दाखला किंवा कुटुंबाला ओळखणाऱ्या त्रयस्थाचं प्रतिज्ञापत्र एवढ्यावर काम होतं. आपल्या उदाहरणातली सोळा लाखांची ठेव या मर्यादेच्या किंचित बाहेर पडते.

महाराष्ट्रात न्यायालयाचा आणखी एक कागद मिळतो, आणि त्याची उत्तराधिकार प्रमाणपत्राशी नेहमी गल्लत होते. तो म्हणजे हेअरशिप सर्टिफिकेट, वारसा प्रमाणपत्र. ते मिळतं १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली, म्हणजे मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टन गव्हर्नर होता त्या काळच्या कायद्याखाली. अर्ज केल्यावर जाहीरनामा निघतो, हरकतीसाठी एक महिना दिला जातो आणि मग न्यायालय अर्जदाराला वारस म्हणून मान्यता देतं. यात तक्ता आणि रकमा हा गाभा नसतो; वारस म्हणून कोण, हा असतो. त्यामुळे सोसायटीत, महापालिकेत किंवा जमिनीच्या कामात हा कागद मागितला जातो. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या कायद्यातही सातव्या कलमात ठळकपणे लिहिलेलं आहे की हे प्रमाणपत्र मालमत्तेवर हक्क देत नाही. तूर्त कायदेशीर व्यवस्था कुणाकडे आहे, एवढंच ते दाखवतं आणि कुणाचा अधिक चांगला हक्क सिद्ध झाला, तर ते रद्द होतं. कागद कुठला आहे हे ओळखायची खूण सोपी आहे. पहिल्या पानावर अर्जाच्या नावाखाली कुठल्या कायद्याचं नाव आहे ते पाहावं. १९२५ चा अधिनियम असेल, तर ते पैशांचं आणि रोख्यांचं. १८२७ चा रेग्युलेशन असेल, तर वारसपणाचं.

मुस्लिम, ख्रिस्ती किंवा पारशी कुटुंबांत वारस आणि त्यांचे वाटे वेगळ्या कायद्यांनी ठरतात, पण हे कागद वाचायची रीत हीच राहते. गोव्यात मात्र पाया वेगळा आहे. तिथे २०१२ चा स्वतंत्र उत्तराधिकार कायदा आहे. लग्नानंतर मालमत्ता पती-पत्नीची सामाईक धरली जात असेल, तर जोडीदाराची अर्धी मालमत्ता वारशाच्या आधीच वेगळी निघते. तिथल्या वारस घोषणेच्या दस्तात जोडीदाराचं नाव अर्ध्याचा धनी म्हणून येतं, वारसांच्या यादीत नाही. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना वाटतं की तिचं नाव गाळलं, आणि उगाच तक्रार सुरू होते.

आपल्या कुटुंबातल्या चुका कशा दुरुस्त व्हायच्या? उत्तराधिकार प्रमाणपत्रात चूक नव्हती. आईचा मृत्यू आणि काका दोन्ही अर्जात होते. त्यात खोटं सांगून किंवा महत्त्वाची गोष्ट लपवून प्रमाणपत्र मिळवलं असतं, तर न्यायालय ते रद्द करू शकलं असतं आणि खोट्या विधानाबद्दल शिक्षेचीही तरतूद आहे. तहसीलच्या दाखल्यात आई राहिली होती, पण निवृत्तिवेतनाच्या कामावर त्याने काही फरक पडला नाही. दुरुस्ती हवी होती ती सातबाऱ्यावर. ही नुसती लेखनातली चूक नाही, एक वारस गाळला गेला आहे आणि दोन वारस चुकीच्या रकान्यात आहेत. त्यामुळे तहसीलदाराकडे साधा दुरुस्तीचा अर्ज करून भागत नाही; प्रमाणित झालेल्या फेरफारावर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करावं लागतं. त्याची मुदत साठ दिवसांची, आणि ती उलटली असेल, तर उशिराची कारणं देऊन माफी मागावी लागते. अपिलासोबत दोन मृत्यूंचे दाखले, वंशावळ आणि न्यायालयाच्या अर्जाची प्रमाणित प्रत जोडली, तर आधी आईचं नाव मुलाची वारस म्हणून आणि मग तिच्या जागी तिच्या वारसांची नावं, अशी दोन पायऱ्यांची नोंद मागता येते. नवा फेरफार पडल्यावर चौघांची नावं भोगवटादाराच्या रकान्यात आली का आणि त्यांच्यापुढे हिस्से लिहिले का, हे त्या उताऱ्यावर तपासायचं. अपिलाचा खर्च चौघांनी आण्यांच्या प्रमाणात वाटून घ्यावा, असं काकांनीच सुचवलं.